एकोणिसावा परिच्छेद

ऑफिसात आल्यावर खांद्यावरची पर्स न काढता, उभ्याउभ्याच, ती आदल्या दिवशी टाईप केलेलं शेवटचं पान हातात घ्यायची आणि खालून वर वाचायची. शेवटची ओळ आधी, मग तिच्या वरची, मग तिच्याही वरची. ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. पाहणाऱ्याला वाटावं, बाई जप करतेय. अर्थ लागला की डोळा फसतो, असं तिचं म्हणणं होतं. वाक्य ओळखीचं झालं की माणूस ते वाचत नाही, नुसतं नजरेखालून घालतो. उलटं वाचलं तर प्रत्येक शब्द एकटा उभा राहतो आणि चूक असेल तर लपायला जागा उरत नाही.

कोर्टाच्या इमारतीत तिला कॉमाताई म्हणायचे. ती ज्यांच्याकडे टायपिस्ट होती ते वकीलसाहेब येरझारा घालत युक्तिवाद सांगायचे, श्वास न घेता, आणि ती टाईप करता करता त्यांच्या वाक्यांना श्वास घ्यायला जागा करून द्यायची. एकदा समोरच्या वकिलांनी साहेबांना विचारलं होतं, "तुमचा मसुदा वाचताना धाप लागत नाही, बोलणं ऐकताना मात्र लागते. हे कसं काय?" साहेबांनी दाराकडच्या टेबलाकडे बोट दाखवलं होतं. तेव्हापासून हे नाव पडलं आणि तिनेही ते कधी झटकलं नाही.

दाराजवळचं ते टेबल हेच तिचं ठिकाण. येणाऱ्याजाणाऱ्याचा धक्का लागायचा, जिन्यावरची धूळ थेट कीबोर्डवर यायची. पण कान मात्र साहेबांच्या खोलीत असायचे. वर्षानुवर्षं दुसऱ्याचे युक्तिवाद टंकता टंकता एक दिवस तिला स्वतःचा एखादा युक्तिवाद असावा असं वाटायला लागलं, आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर तिने संध्याकाळच्या लॉ कॉलेजात नाव घातलं. घरी ती आणि तिची वहिनी, दोघीच. भाऊ गेल्यावर वहिनी माहेरी गेली नव्हती आणि हिने लग्नाचा विषय काढू दिला नव्हता. वहिनी कपडे शिवायची. कॉलेजची बातमी ऐकून तिने तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि म्हणाली, "शिका हो वन्सं. घरात भांडायला कुणी नाही, निदान कोर्टात तरी भांडाल."

साहेबांनीही तेव्हा सहज म्हटलं होतं, "डिग्री घे, सनद घे, मग तुला ज्युनिअर करून घेतो." ते बहुधा विसरले होते. ती विसरली नव्हती.

शेवटच्या वर्षी कॉलेजातल्या मॅडमनी केस कमेंट लिहायला सांगितली. गेल्या वर्षभरातला कुठलाही निकाल घ्यायचा, आधी तो थोडक्यात मांडायचा, मग तपासायचा आणि शेवटी स्वतःचं मत द्यायचं. चांगली असेल ती कॉलेजच्या वार्षिक विधी-अंकात छापून येणार होती. मॅडम बारीक आवाजात बोलायच्या. मागच्या बाकांना पुढे सरकावंच लागायचं.

"सारांशात तुमचं मत घुसडू नका," त्या म्हणाल्या. "टीका म्हणजे रडगाणं नव्हे. आणि मत द्याल तेव्हा 'मला असं वाटतं' एवढ्यावर थांबलात तर मी तिथेच लाल रेघ मारणार. वाटतं तर मलाही खूप काही."

वर्गातल्या पोरांनी गाजलेले निकाल वाटून घेतले. कॉमाताईने घेतला तो निकाल कुणाच्या कानावरही आला नव्हता. कपडे पॅक करणाऱ्या एका कंपनीतली एक कामगार बाई. पाळी संपल्यावर तिने गेटवर कार्ड पंच केलं, कंपनीच्या बसकडे निघाली आणि चष्मा आत राहिला म्हणून परत फिरली. आवारातल्या उतारावरची फरशी उखडलेली होती. बाई पडली, खुबा मोडला. नुकसानभरपाईच्या आयुक्तांनी तिच्या बाजूने आदेश दिला, कंपनी अपिलात गेली आणि वरच्या कोर्टाने तो आदेश फिरवला. अपघात कामाच्या ओघात झालेला नाही, म्हणून भरपाई नाही.

अपील साहेबांनी लढवलं होतं. लेखी युक्तिवाद कॉमाताईनेच टाईप केला होता. निकालाच्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसाठी केक आणला, तिनेही खाल्ला. पण त्याच दुपारी एक फाईल पोचवायला ती कोर्टात गेली, तेव्हा ती बाई कॉरिडॉरमधल्या बाकावर बसलेली होती, काठी गुडघ्यांमध्ये उभी धरून. तिने हिला थांबवून विचारलं, "ताई, आत काय झालं हो?" समोरच्या पक्षकाराशी आपण बोलायचं नसतं हे कॉमाताईला पक्कं ठाऊक होतं. "तुमचे वकील सांगतील," म्हणून ती पुढे गेली. त्यात तिचं काही चुकलं नव्हतं. पण तो प्रश्न तिच्या मनात राहून गेला. आत नक्की काय झालं, हे तिला कागदावर स्वतः लिहून बघायचं होतं.

मॅडमनी विषय ऐकला आणि पेन खाली ठेवलं.

"तू त्याच ऑफिसात आहेस ना?"

"हो."

"मग दोन गोष्टी. एक म्हणजे तळटीपेत ते सरळ लिहायचं. दुसरं, ऑफिसच्या फायलीतला एक शब्दही येता कामा नये. जे छापील निकालात आहे तेवढंच. आणि हो, साहेबांना आधी सांग. त्यांना अंकात वाचून कळलं तर तुझी काही खैर नाही."

"परवानगी मागू का?"

"सांग, म्हटलं मी," मॅडम म्हणाल्या.

तिने पहिला खर्डा झपाट्याने लिहिला. राग होता, आणि राग असला की हात चालतो. तिच्या सगळ्या टीकेचा रोख निकालाच्या एकोणिसाव्या परिच्छेदावर होता. त्यात लिहिलं होतं की कार्ड पंच होताच त्या दिवसापुरतं मालक आणि कामगार हे नातं संपतं. त्यानंतर कामगार आवारात असला तरी तो वाटसरूसारखाच. वाटसरूसारखाच! या एका शब्दावर तिने दोन पानं खर्ची घातली. जुने निकाल शोधून काढले. कामावर येण्याजाण्याचा वाजवी वेळ आणि वाजवी जागा कामातच धरावी, असं त्यांत कितीदा सांगितलेलं होतं. कोर्टाने ते सगळं एका यंत्राच्या 'टिंग' आवाजावर ओवाळून टाकलं, असं तिने लिहिलं. ते वाक्य तिला फार आवडलं होतं.

वहिनीला तिने ते वाचून दाखवलं. वहिनी बाहीला काज करत होती.

"म्हणजे बाई हरली आणि तुमचे साहेब जिंकले, एवढंच ना?"

"एवढंच नाही. का जिंकले, ते चुकलंय."

"आणि हे तुम्ही साहेबांना वाचायला देणार."

"देणार."

"बरं," दोरा दाताने तोडत वहिनी म्हणाली, "मग उद्या डबा लहान देते. दुपारपर्यंत घरीच याल."

साहेबांनी खर्डा घेतला तेव्हा ऑफिस रिकामं होत आलं होतं. तिने उभं राहून सगळं सांगितलं: निकाल कोणता, कॉलेजचा अंक, तळटीप. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"कंपनी आपली आहे, माहीत आहे ना? अर्धं ऑफिस त्यांच्यावर चालतं. ती बाई अजून वरच्या कोर्टात जाऊ शकते. उद्या तिचा वकील तुझं हे भाष्य फडकवत उभा राहिला तर?"

"त्यात फक्त निकालातलंच आहे साहेब. प्रत्येक वाक्यापुढे परिच्छेदाचा आकडा घातलाय."

"ते बघतो मी."

ते वाचू लागले. ती दाराजवळ आपल्या जागी येऊन बसली. पानं उलटल्याचा आवाज येत होता. मग तो थांबला आणि आतून हसू ऐकू आलं. कुत्सित नव्हतं ते; पोट धरून हसणाऱ्या माणसाचं होतं.

"कॉमाताई, इकडे ये. हा एकोणिसावा परिच्छेद कुणाचा?"

"कोर्टाचा."

"सतरावा वाच. सुरुवात."

तिने निकाल उघडला. सतराव्या परिच्छेदाची पहिली ओळ होती: 'अपीलकर्त्यांच्या विद्वान वकिलांनी असा युक्तिवाद केला की'. पुढे अठरा, एकोणीस, वीस. 'असा युक्तिवाद केला की' हे शब्द पुन्हा कुठेच नव्हते, पण गरजही नव्हती. सगळं त्या एका ओळीखालीच चाललेलं होतं. कोर्ट स्वतः बोलायला लागलं होतं ते चोविसाव्या परिच्छेदापासून: 'आम्ही उभय पक्षांचे म्हणणे विचारात घेतले.' आणि सव्विसाव्यात तर स्पष्ट लिहिलं होतं की कार्ड पंच केल्यावर नातं संपतं का, या व्यापक मुद्द्यावर या प्रकरणात मत देण्याची आवश्यकता नाही.

"हे कोर्टाचं म्हणणं नाही, माझं आहे," साहेब डोळे पुसत म्हणाले. "वाटसरू हा शब्दही माझाच. तूच टाईप केलास. इतकी वर्षं वकिली केली, पण माझा युक्तिवाद कायदा म्हणून वाचणारी तू पहिलीच. न्यायाधीशांना सुद्धा मी इतका पटलो नाही गं."

तिचे कान तापले. ते वाक्य तिला निकालात इतकं ओळखीचं का वाटलं, हे आता कळलं. तिच्याच बोटांतून ते गेलं होतं. दोन पानांची टीका, जुने निकाल, 'टिंग', सगळं काही साहेबांच्या सावलीशी केलेलं भांडण होतं. कोर्ट त्या वाटेला गेलंच नव्हतं.

"हरकत नाही," साहेब आता मऊ आवाजात म्हणाले. "दुसरा निकाल घे. भाडेकरूंचे कितीतरी पडलेत. मी सुचवतो हवं तर."

त्या मऊ आवाजात सुटका होती. तिने ती ऐकली आणि खर्डा हातात घेतला.

"निकाल हाच ठेवते साहेब. टीका बदलते."

"टीकेत उरलंय काय आता?"

"अजून वाचलं नाही. वाचून सांगते."

रविवारी सकाळी तिने जेवणाच्या टेबलावर निकाल पसरला. कापडाचे तुकडे बाजूला सारले. या वेळी तिने प्रत्येक परिच्छेदाच्या समासात एकच गोष्ट लिहिली: कोण बोलतंय. आयुक्त. कंपनी. बाई. कोर्ट. पुन्हा कोर्ट. काम कंटाळवाणं होतं, एखाद्या भरल्या घरातले आवाज भिंतीपलीकडून ओळखावेत तसं. पण समास भरत गेला तसा निकाल तिला पहिल्यांदाच नीट दिसू लागला. कोर्टाचं स्वतःचं म्हणणं अगदी थोडं होतं. सत्ताविसाव्या परिच्छेदात ते सगळं येऊन थांबलं होतं: चष्मा ही बाईची खाजगी वस्तू, खाजगी वस्तूसाठी ती स्वतःच्या सोयीने परत गेली, म्हणून कामाशी संबंध तुटला.

"वहिनी, आयुक्तांनी काय म्हटलंय ऐका. नववा परिच्छेद. ती बाई लेबलांवरचे आकडे वाचून कपडे लावायची, चष्म्याशिवाय तिला ते दिसायचे नाहीत, चष्मा कामासाठी लागायचा, हे पुराव्याने सिद्ध होतं."

"मग?"

"मग कोर्ट या नवव्या परिच्छेदाबद्दल काहीच बोलत नाही. चष्मा कुणाचा, एवढंच बघतं. कशासाठी, हे बघतच नाही."

"विसरले असतील."

"विसरून कसं चालेल? या कायद्यात अपील फक्त कायद्याच्या मोठ्या प्रश्नावर होतं. घडलं काय, हे ठरवायचं काम आयुक्तांचं. त्यांनी ठरवलेलं बदलायचं तर आधी म्हणावं लागतं, की त्याला पुरावाच नव्हता किंवा शहाण्या माणसाने असं ठरवलंच नसतं. यांनी तसं म्हटलं नाही. नुसते पुढे गेले."

वहिनीने मशीन थांबवलं. "म्हणजे भाजीत मीठ जास्त झालं असं न म्हणताच ताट बाजूला सारलं."

"तसंच काहीसं. पण हे मला लिहिता येणार नाही."

"का? चांगलं तर आहे."

"मॅडम लाल रेघ मारतील."

नवा खर्डा हळू झाला. 'टिंग'वालं वाक्य तिने खोडलं, आणि खोडताना जिवावर आलं. सारांशात कंपनीचं म्हणणं वेगळं, कोर्टाचं वेगळं. टीकेत तिने आधी लिहिलं, कोर्टाचं काय बरोबर आहे ते: आवारात पडलेला प्रत्येक माणूस कामावर असतोच असं नाही, मैत्रिणीशी गप्पा मारायला परत गेलेल्या कामगाराला भरपाई मागता येणार नाही, कोर्टाने व्यापक मुद्दा मोकळा ठेवला तेही शहाणपणाचं. मग नववा परिच्छेद, मग सत्ताविसावा, आणि या दोघांमधली रिकामी जागा. शेवटी तिचं मत: वस्तू कुणाच्या मालकीची हा प्रश्नच चुकीचा, त्या कामगाराला तिथे परत आणलं कशाने, हा खरा प्रश्न. उद्याच्या कामाने आणलं असेल, आणि ती निघाल्यावर लगेचच, नेहमीच्या वाटेने परत आली असेल, तर ती कामाच्या ओघातच आहे. कोर्टाला नवव्या परिच्छेदाची शंका होती, तर त्या एका मुद्द्यावर प्रकरण परत पाठवायचं होतं. शंका नसेल, तर आयुक्तांचा आदेश कायम ठेवायचा होता. मधला रस्ता नव्हता.

मॅडमनी ते तिच्यासमोरच वाचलं. लाल पेन उघडं होतं, पण हवेतच राहिलं.

"आयुक्तांचं बरोबर होतं, असं तुला म्हणायचंय?"

"नाही. बरोबर असेल किंवा नसेलही. ते न बघता बाजूला सारता येत नाही, एवढंच म्हणायचंय."

"हे लिहिताना ती बाई डोळ्यासमोर होती?"

"पहिल्या खर्ड्यात होती. या खर्ड्यात तिच्यासाठीच तिला बाहेर बसवलं."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "अंकासाठी देते. साहेबांना दाखव आधी."

साहेबांनी या वेळी हसायचं कारण शोधलं, पण मिळालं नाही. दोनदा वाचलं. मग खुर्ची मागे ढकलून ते खोलीतल्या खोलीत चालू लागले, युक्तिवाद सांगताना चालायचे तसे.

"चष्मा ती घरी टीव्ही बघायलाही वापरत असेल."

"असेल."

"मग संबंध कुठे राहिला?"

"तो प्रश्न आयुक्तांसमोर विचारायला हवा होता. दहाव्या परिच्छेदात लिहिलंय, चष्म्याबद्दल कंपनीने उलटतपासणी केलीच नाही."

साहेब थांबले. "तेव्हा मी नव्हतो. त्यांचा दुसरा वकील होता."

"ते निकालात नाही, म्हणून मी लिहिलं नाही."

हे ऐकून त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. मग चेहरा पुन्हा गंभीर झाला. "याला उत्तर आहे माझ्याकडे. पण ते निकालात असायला हवं होतं, हे मात्र खरं." ते खिडकीपाशी गेले. "हे बघ, मी तुला अडवणार नाही. निकाल जाहीर आहे, कुणीही बोलावं. पण हे छापून आलं की कंपनीच्या फायलींना तू हात लावायचा नाहीस. त्यांनी विचारलं तर मला तसं सांगता आलं पाहिजे. अर्धं ऑफिस गेलं तुझ्या हातून. मग उद्या ज्युनिअर म्हणून तुला देऊ काय?"

ते विसरले नव्हते तर.

"उरलेलं अर्धं," ती म्हणाली.

"त्यात कटकटीच जास्त."

"आतापर्यंत टाईप केल्याच की सगळ्या."

तिने केस कमेंट कॉलेजात दिली, तळटीप ठळक ठेवून: लेखिका अपीलकर्त्यांच्या वकिलांच्या कार्यालयात नोकरी करते, हे भाष्य केवळ प्रसिद्ध निकालपत्रावर आधारलेले आहे. घरी वहिनीने विचारलं, "मग डबा कोणता देऊ, लहान की मोठा?" तिने सांगितलं, "मोठाच द्या. हाकलेपर्यंत जायचं."

अंक छापून आला. परीक्षा झाली, निकाल लागला, सनदेचे कागद गेले, सनद आली. कंपनीतून कुणीतरी फोन केला होता, एवढं तिला कळलं. दार बंद होतं आणि साहेबांचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता. कंपनीच्या फायली आता वरच्या मजल्यावरचा एक ज्युनिअर नेऊन टाईप करून आणायचा, चुकांसकट. ती त्या चुका पाहायची नाही. ठरलं होतं तसं. कधीकधी मान मुद्दाम वळवावी लागायची.

मग एके सकाळी साहेबांनी तिला बोलावलं आणि येरझारा सुरू केल्या.

"घे लिहून. जाहिरात आहे. वकिलाच्या कार्यालयासाठी टायपिस्ट पाहिजे, अनुभवी असावा, शुद्ध लिहिणारा असावा, बाहेरच्या बाजूला बसावं लागेल."

तिची बोटं 'टायपिस्ट'वर थांबली आणि पुढे चालू झाली. ओळ पूर्ण केली. पान काढलं. त्यांच्यासमोर ठेवलं. साहेबांनी ते वाचलं, एक स्वल्पविराम कमी केला, परत दिलं. जाहिरातीचे दोन अर्थ होत होते आणि दोन्ही तिने दाराशी उभ्याने तोलून पाहिले.

"साहेब, मग मी कुठे बसायचं?"

ते फायलीतून वर न बघता म्हणाले, "खिडकीजवळच्या टेबलावर माझे जुने कागद पडलेत ना, ते हलव. आणि त्या भाडेकरू म्हातारीची तारीख परवा आहे. वाचून ठेव. उभी तू राहायचीस."

तिने कागद उचलले. एकेक गठ्ठा कपाटात लावला, टेबल ओल्या फडक्याने पुसलं, म्हातारीची फाईल मधोमध ठेवली. खिडकीतून खालचा रस्ता दिसत होता, वकिलांचे काळे कोट, भाजीची गाडी, सावलीत थांबलेली एक सायकल. तिने खुर्ची ओढली, बसली, दोन्ही कोपरं टेबलावर टेकवली, आणि टेबल एका अंगाला कललं.

"साहेब," ती त्यांच्याकडे बघत म्हणाली, "याचा एक पाय डुगडुगतोय. खाली घालायला पुठ्ठा आहे का एखादा?"